पदराची मागची बाजू कोण सांगणार?

येवल्यात पैठणी विणून विकणाऱ्या एखाद्या घराची छोटी वेबसाइट घ्या. एका साडीच्या पानावर बहुधा चार फोटो असतात. पूर्ण साडी, जवळून घेतलेला काठ, जवळून घेतलेला पदर आणि पदराची मागची बाजू. जाणकार गिऱ्हाईक हा चौथा फोटो आधी उघडते. पारंपरिक पद्धतीने हातमागावर विणलेल्या पदराची नक्षी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागावरच्या पदराला मात्र मागे बहुधा सुटे धागे दिसतात, नाहीतर ते कापल्याच्या खुणा. त्यामुळे साडी पारखण्यासाठी हा चौथा फोटो फार महत्त्वाचा असतो.

आता तेच पान एका अंध बाईंनी उघडले आहे. घरात लग्न आहे, साडी घ्यायची आहे, आणि फोनवरचा टॉकबॅक त्यांना पान वाचून दाखवतो आहे. साडीचे नाव ऐकू येते, किंमत ऐकू येते, ‘कार्टमध्ये टाका’ हे बटण ऐकू येते. फोटोंच्या जागी मात्र शांतता असते. फोटोवर लिंक असेल तर फाइलच्या नावाची अक्षरे आणि आकडे ऐकू येतात. पारख करण्याची वेळ आली की वेबसाइट गप्प होते.

ही जागा भरण्यासाठी वेबपानाच्या भाषेत जुनी सोय आहे. चित्र दाखवणाऱ्या ओळीतच त्या चित्राचा पर्यायी मजकूर, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, लिहिता येतो. तो पडद्यावर दिसत नाही. स्क्रीन रीडर तो वाचतो, आणि चित्र उघडलेच नाही तर ब्राउझर त्या जागी तो दाखवतो.

```
<img src="IMG_2041.jpg" alt="जांभळी पैठणी, नारळी काठ, पदरावर बांगडी मोर">
```

१९९५ साली आलेल्या एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय होती आणि १९९७च्या ४.० आवृत्तीत ती प्रत्येक चित्राला सक्तीची झाली. तरी छोट्या वेबसाइटवर ती रिकामी राहते, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. दुकान सांभाळणारा माणूसच फोटो काढतो, पार्सल बांधतो, फोन घेतो. दोनशे साड्यांच्या आठशे फोटोंना एकेक वाक्य लिहायला त्याच्याकडे वेळ नसतो.

२०१६ साली फेसबुकने अंध वापरकर्त्यांसाठी फोटोंचे आपोआप वर्णन सुरू केले, तेव्हा ते वस्तूंच्या यादीसारखे होते: झाड, आकाश, दोन माणसे. आजची चित्र वाचणारी मॉडेल्स त्यापुढे खूप गेली आहेत. फोटो दिला की ती सरळ मराठीत वाक्य लिहून देतात, आणि असे आठशे फोटो त्यांच्यापुढे ठेवायला फार पैसेही लागत नाहीत. छोट्या दुकानदाराने या सोयीचा फायदा जरूर घ्यावा. पण मॉडेलच्या हाती काय सोपवायचे आणि काय नाही, हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

वर सांगितलेला चौथा फोटो मॉडेलला नुसता दिला आणि ‘वर्णन कर’ एवढेच म्हटले, तर साधारण असे काहीतरी मिळते: ‘या चित्रात सोनेरी नक्षीकाम असलेले एक सुंदर पारंपरिक रेशमी वस्त्र दर्शविले आहे.’ यात ढोबळ चूक नाही, पण त्या बाईंना यातून काहीच मिळत नाही. ही बाजू मागची आहे, हेच त्यात नाही. मॉडेलपुढे फक्त फोटो होता. तो फोटो पानावर कशासाठी लावला आहे, हे फोटोत कुठेच लिहिलेले नसते. पहिल्या आणि तिसऱ्या फोटोचेही असेच होते. मुनिया आणि मोर दोन्ही ‘पक्षी’ होतात, बांगडी मोराचे ‘वर्तुळातील मोर’ होते, नारळी काठ ‘त्रिकोणी नक्षीची किनार’ होतो. कधी मॉडेल धीटपणे साडीला कांजीवरम म्हणून मोकळे होते.

म्हणून फोटोबरोबर चार गोष्टी द्याव्या लागतात. पानाचा विषय, फोटोच्या आजूबाजूचा मजकूर, दुकानात त्या नक्षीला आणि रंगाला वापरतात ते नाव, आणि या फोटोतून गिऱ्हाइकाला काय कळायला हवे ते. रंगाचे नाव तर दुकानानेच द्यायला हवे. जरीची चमक आणि खोलीतला दिवा यांमुळे फोटोत रंग बदलतो. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असल्याने एकच साडी दोन फोटोंत दोन रंगांची भासते. कुसुंबी, अबोली, मोरपंखी, डाळिंबी ही नावे विणणाऱ्याला ठाऊक असतात. मॉडेल त्यांना गुलाबी, नारिंगी, निळा आणि लाल म्हणेल.

सूचना मराठीत आणि साधी असली तरी चालते. मी अशी लिहीन: ‘हा फोटो पैठणीच्या विक्रीच्या पानावर आहे. पानावर साडीचे नाव आणि किंमत आधीच आहे, ती पुन्हा नको. हा पदराचा मागचा भाग आहे. नक्षीच्या कडा कशा दिसतात, सुटे किंवा कापलेले धागे दिसतात का, हे एका वाक्यात लिही. चित्रात, फोटोत, सुंदर, आकर्षक हे शब्द नकोत. जे दिसत नाही ते लिहू नको; शंका असेल तर वेगळ्या ओळीत शंका लिही.’ यावर असा मजकूर मिळू शकतो: ‘पदराची मागची बाजू: मोरांच्या कडा रेखीव, सुटे धागे नाहीत.’ हे वाक्य ऐकून त्या बाईंना पुढचा प्रश्न विचारता येतो.

शंका वेगळ्या ओळीत मागणे महत्त्वाचे आहे. नाहीतर मॉडेल आपला अंदाजही खात्रीच्या सुरातच लिहून देते, आणि वाचणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

इथे एक अडचण आहे, आणि ती दुकानदाराच्या लक्षात सहसा येत नाही. आपण जितकी माहिती आधी देऊ, तितके मॉडेल आपलेच म्हणणे परत ऐकवू लागते. समजा मोबाइलमधून फोटो चढवताना गल्लत झाली आणि बांगडी मोराच्या साडीच्या पानावर असावलीच्या, म्हणजे फुलवेलीच्या, पदराचा फोटो लागला. ‘ही बांगडी मोर पैठणी आहे’ असे सांगून वर्णन मागितले, तर मॉडेल फोटोत मोर नसतानाही ‘पदरावर बांगडी मोर’ असे लिहून देऊ शकते. वाक्य वाचताना दुकानदाराला ते बरोबरच वाटते, कारण ते त्याच्याच यादीशी जुळते. डोळस गिऱ्हाईक फोटो पाहून फोन करील आणि चूक सुधारली जाईल. अंध गिऱ्हाइकाला मात्र पार्सल घरी आल्यावर, पदरावर हात फिरवून किंवा कोणी सांगितल्यावरच, ती चूक कळेल.

यावर उपाय असा की प्रत्येक फोटोसाठी मॉडेलला दोनदा विचारावे, आणि दोन्ही वेळा नवा संवाद उघडून. पहिल्यांदा काहीही न सांगता फक्त ‘नक्षीत काय काय दिसते, सरळ सांग’ असे. दुसऱ्यांदा सगळी माहिती देऊन. मग दोन्ही उत्तरे शेजारी ठेवावीत. पहिल्या उत्तरात वेल आणि फुले असतील आणि दुसऱ्यात मोर, तर थांबून फोटो स्वतः पाहावा. शब्दांचा फरक असेल, म्हणजे एकीकडे पक्षी आणि दुसरीकडे मुनिया, तर हरकत नाही. वस्तूच वेगळी असेल तर यादी चुकली आहे किंवा मॉडेल. कामाचा वेळ यात वाढतो, हे खरे. पण आठशे वाक्ये डोळ्यांखालून घालताना थकलेल्या माणसाच्या नजरेतून जे सुटते ते या तुलनेत सापडते, आणि सोबत वर्षानुवर्षे चुकीच्या पानावर बसलेले फोटोही सापडतात.

याच कारणाने सूचनेत निष्कर्ष आधीच सांगू नये. ‘मागची बाजू स्वच्छ आहे, तसे लिही’ म्हटले तर मॉडेल तसे लिहील, धागे लोंबत असले तरी. वर दिलेल्या सूचनेत मी ‘सुटे धागे दिसतात का’ असा प्रश्न ठेवला तो यासाठीच.

काही गोष्टी फोटोवरून कळतच नाहीत, आणि त्या मॉडेलकडून येऊ देऊ नयेत. साडी हातमागावरची आहे, रेशीम अस्सल आहे, जरी कसली आहे, साडी येवल्याची आहे की पैठणची, यांतले काही नुसत्या पिक्सेलवरून ठरवता येत नाही. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे ते नाव नुसते शोभेचे नाही. रेशमाची खात्री सिल्क मार्कच्या लेबलवरून आणि विणकराच्या शब्दावरून पटते. मॉडेलला मात्र ‘हातमागावर विणलेली शुद्ध रेशमी’ हे शब्द साडीच्या फोटोशेजारी ठेवण्याची सवय असते, कारण जाहिरातींत ते शब्द तसेच येतात. असे शब्द मसुद्यात आले तर काढून टाकावेत. ते खरे असतील तर त्यांची जागा पानाच्या मजकुरात आहे, जिथे दुकानदार ते स्वतःच्या जबाबदारीवर सगळ्यांना सांगतो.

माणसांच्या फोटोंना वेगळी काळजी हवी. साडी नेसलेल्या बाईंच्या फोटोवर मॉडेल ‘एक तरुण सुंदर स्त्री हसत आहे’ असे लिहिते. विक्रीच्या पानावर विषय साडीचा आहे, त्यामुळे निऱ्या कशा पडल्या आहेत आणि पदर खांद्यावर कसा दिसतो, हे तिथे हवे. वय, जात, नाते यांचा अंदाज मुळीच नको. मागावर बसलेल्या कारागिराचा फोटो ‘आमच्याविषयी’ या पानावर असेल तर त्याचे नाव दुकानदाराने त्याला विचारून लिहावे. आणि गिऱ्हाइकांनी कौतुकाने पाठवलेले लग्नातले फोटो त्यांच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कंपनीच्या मॉडेलकडे पाठवू नयेत. विशेषतः त्यांत मुले असतील तर ते फोटो सरळ बाजूला काढावेत आणि त्यांची वाक्ये हाताने लिहावीत. असे फोटो थोडेच असतात.

पानावरची सगळीच चित्रे मॉडेलकडे पाठवायची नसतात. कोपऱ्यातले व्हॉट्सॲपचे चिन्ह दिले तर उत्तर येईल, ‘हिरव्या वर्तुळात पांढरा टेलिफोन’. ऐकणाऱ्याला ते बटण काय करते हे हवे असते, म्हणून तिथे ‘व्हॉट्सॲपवर विचारा’ असे लिहावे. दुकानाचे बोधचिन्ह दाबल्यावर पहिले पान उघडत असेल तर दुकानाचे नाव आणि ‘मुखपृष्ठ’ एवढे पुरते. मजकुराभोवतीची नक्षी, दोन परिच्छेदांमधली वेलबुट्टी ही निव्वळ शोभा असते. तिथे अवतरणचिन्हांत काहीच न लिहिता जागा रिकामी ठेवावी.

```
<img src="vel.png" alt="">
```

अशी रिकामी जागा दिसली की स्क्रीन रीडर ते चित्र सोडून पुढे जातो. `alt` मुळीच नसेल तर चित्राचे काय करायचे याचा त्याला अंदाज करावा लागतो, आणि फाइलचे नाव बहुधा तेव्हाच ऐकू येते. सरसकट सगळी चित्रे मॉडेलला देणारी आयती साधने इथे नुकसान करतात. ती प्रत्येक वेलबुट्टीलाही वाक्य देतात, आणि किंमत गाठेपर्यंत ऐकणाऱ्याला दहा वेळा वेलबुट्टी ऐकावी लागते.

अक्षरे असलेली चित्रे ही तिसरी तऱ्हा. दिवाळीच्या सवलतीचे पोस्टर, साडी कशी जपावी याचा तक्ता. मॉडेल छापील देवनागरी बऱ्यापैकी वाचते, पण वळणदार अक्षरांत, सोनेरी पार्श्वभूमीवर, जोडाक्षरांत आणि देवनागरी आकड्यांत चुकते. १५ टक्क्यांचे १९ झाले तर दुकानदाराला ते महागात पडेल. हा मजकूर ज्याने पोस्टर केले त्याच्याकडे टाइप केलेला असतोच. तोच पानावर साधा मजकूर म्हणून टाकावा. मग डोळस माणसालाही तो फोनवर वाचता येतो, आणि पोस्टरच्या पर्यायी मजकुरात थोडक्यात सवलतीचे नाव दिले की भागते.

हे सगळे करताना फोटो एका वेळी एकच द्यावा. एका संवादात वीस फोटो टाकले की वर्णने एकमेकांत मिसळतात आणि सातव्याचे वाक्य आठव्यावर जाते. फोटो मोबाइलवरचा अवाढव्य मूळ असायची गरज नाही. पण वेबसाइटने आपोआप तयार केलेला छोटा चौकोनी फोटोही देऊ नये. त्यात काठ कापला गेलेला असतो आणि मॉडेल नसलेला काठ कल्पनेने भरून काढते. नोंदीसाठी साधी स्प्रेडशीट पुरते: फाइलचे नाव, पान, फोटो कशासाठी, दुकानातली नावे, माहिती न देता आलेले उत्तर, माहिती देऊन आलेले उत्तर, आणि शेवटी माणसाने पक्के केलेले वाक्य. वेबसाइटवर जाते ते फक्त शेवटचे.

आता वेबसाइट तपासताना होणारी एक फसगत. अनेक छोटी दुकाने वर्डप्रेसवर चालतात. तिथे पर्यायी मजकुराची चौकट कोरी सोडली, तर वर्डप्रेस पानावर सहसा `alt=""` असे लिहिते. म्हणजे ‘हे चित्र निव्वळ शोभेचे आहे’ असे तुमच्या वतीने जाहीर होते. आपोआप तपासणी करणारे साधन त्यात दोष दाखवत नाही, कारण `alt` तर आहेच. दोष शून्य असा निकाल येतो आणि सगळ्या पैठण्या मुक्या असतात. म्हणून किती चित्रांना `alt` नाही हे मोजून भागत नाही; प्रत्येक चित्राशेजारी काय लिहिले आहे ते पाहावे लागते. संगणकावर क्रोममध्ये पान उघडून F12 दाबावे आणि Console मध्ये ही ओळ टाकावी. पहिल्यांदा चिकटवताना क्रोम अडवतो. तिथे `allow pasting` असे टाइप केले की परवानगी मिळते.

```
document.querySelectorAll('img').forEach(i =>
  console.log(i.src, '|', i.getAttribute('alt')))
```

प्रत्येक चित्राचा पत्ता आणि त्यापुढे त्याचा मजकूर दिसतो. `null` म्हणजे `alt` नाहीच. पुढे काहीच नसेल तर ते रिकामे आहे. साडीच्या फोटोपुढे रिकामे दिसले तर तिथे काम बाकी आहे.

वर्डप्रेसमधली दुसरी अडचण अशी की मीडिया लायब्ररीत मजकूर भरला तरी आधीच पानात घातलेल्या चित्रांपर्यंत तो पोचत नाही. चित्र पानात टाकताना त्या वेळचा मजकूर पानातच लिहिला जातो. त्यामुळे जुने लेख उघडून, चित्रावर टिचकी मारून, उजवीकडच्या चौकटीत तो पुन्हा भरावा लागतो. वूकॉमर्समधल्या मालाच्या फोटोंचा मजकूर मात्र बहुधा लायब्ररीतूनच येतो, म्हणून आधी ते फोटो घेणे सोयीचे.

मग भाषा. वाक्ये मराठीत आणि वेबसाइटची भाषा इंग्रजी नोंदवलेली, असे फार ठिकाणी असते. पानाच्या सुरुवातीला `lang="en-US"` असेल तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावू शकतो, आणि देवनागरी आली की तो आवाज अडखळतो किंवा गप्प बसतो. मेहनतीने लिहिलेले प्रत्येक वाक्य तिथे वाया जाते. वर्डप्रेसच्या सामान्य सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी केली की तिथे `lang="mr"` येते. स्वतःला आतला भाग इंग्रजीतच हवा असेल तर आपल्या प्रोफाइलमध्ये ती भाषा वेगळी ठेवता येते.

शोधात वर यावे म्हणून काही जण त्या चौकटीत ‘पैठणी साडी येवला पैठणी ऑनलाइन पैठणी किंमत’ अशी शब्दांची रांग लावतात. गूगल चित्र समजून घेताना हा मजकूर वापरतो हे खरे आहे, पण त्यालाही चित्राशी जुळणारे सरळ वाक्य पुरते. ही रांग चार फोटोंवर चार वेळा कानांनी ऐकून पाहावी, म्हणजे ती काढून टाकावीशी वाटेल.

शेवटची तपासणी कानांनीच करायची. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली टॉकबॅक असतो. तो सुरू केल्यावर उजवीकडे बोट सरकवले की पुढची गोष्ट वाचली जाते आणि दोनदा टिचकी मारली की ती उघडते. बंद करायलाही याच खुणा लागतात, त्या आधी शिकून घ्याव्यात. विंडोज संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आहे. त्यात पानावर असताना G दाबले की थेट पुढच्या चित्रावर जाता येते. पडदा झाकून एका साडीचे पान पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावे. चार फोटोंची चार वाक्ये ऐकून साडी समजली का, एकच गोष्ट तीनदा आली का, नाव आणि किंमत पुन्हा पुन्हा आली का, हे वाचताना कळत नाही ते लगेच कळते. एखाद्या अंध गिऱ्हाइकाशी ओळख असेल तर त्यांना विचारावे, पण आपण न ऐकलेले पान त्यांच्यापुढे ठेवू नये.

ठरवूनही पुढे एक चूक होतेच. साडी विकली जाते, तिच्या जागी दुसऱ्या रंगाची येते, आणि दुकानदार जुन्याच नोंदीत फक्त फोटोची फाइल बदलतो. पडद्यावर नवी डाळिंबी साडी दिसते आणि टॉकबॅक अजून जुनी जांभळीच सांगत असतो. फोटो बदलण्याचे काम ज्याच्याकडे आहे, त्यानेच त्याच वेळी ते वाक्यही बदलावे. हे काम दुसऱ्या माणसाकडे किंवा महिन्याच्या शेवटी ठेवू नये.